‘ब्लाइंडिंग नाही, म्हणून बायस’: या वाक्याला किती गुण द्यावेत?

प्रश्न: मी मेडिसिन विभागात नुकताच सहायक प्राध्यापक झालो आहे. एका विद्यार्थिनीने जर्नल क्लबसाठी रक्तदाबावरील स्प्रिंट चाचणीचे क्रिटिकल अप्रेझल लिहून दिले आहे. चेकलिस्टमधले सगळे रकाने भरलेले आहेत, ठळक चूक कुठे दिसत नाही, तरी वाचून समाधान होत नाही. बायस, व्हॅलिडिटी आणि ॲप्लिकेबिलिटी या तिन्ही अंगांनी तिचे मूल्यमापन नेमके कसे करावे?

उत्तर: तिने दाखवलेल्या प्रत्येक दोषासमोर समासात तीन प्रश्न लिहा. हा दोष शोधनिबंधातील नेमक्या कोणत्या निकालाला लागतो? तो त्या निकालाला कोणत्या दिशेला ढकलतो, म्हणजे फायदा फुगवतो की झाकतो? आणि तो खरा मानला तर उपचाराचा निर्णय बदलतो का? या तिन्हींची उत्तरे तिच्या लेखनात सापडली, तर ते अप्रेझल आहे. फक्त दोषाचे नाव सापडले, तर ती भरलेली चेकलिस्ट आहे, आणि तुमच्या असमाधानाचे कारण बहुधा तेच आहे. कॉक्रनचे आरओबी-2 हे साधनही बायसचा धोका सबंध चाचणीला न चिकटवता एकेका निकालाला लावायला सांगते. विद्यार्थी मात्र त्यातील प्रश्न पाठ करतात आणि हा मूळ मुद्दा सोडून देतात.

तपासायला बसण्यापूर्वी निबंध आपण स्वतः पुन्हा वाचावा, आणि शक्य असेल तर चाचणीचा प्रोटोकॉलही चाळावा. स्प्रिंटचा मुख्य निबंध 2015 सालचा आहे. सिस्टोलिक रक्तदाब 130 किंवा त्याहून अधिक असलेल्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या 9361 व्यक्तींची यादृच्छिक विभागणी करून एका, म्हणजे सघन गटात सिस्टोलिक 120 च्या खाली आणण्याचे, तर दुसऱ्या, म्हणजे प्रमाणित गटात 140 च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य होते. एका वर्षानंतर दोन्ही गटांतील सरासरी अनुक्रमे 121.4 आणि 136.2 होती. हार्ट अटॅक, इतर ॲक्यूट कोरोनरी सिंड्रोम, पक्षाघात, हार्ट फेल्युअर आणि हृदयविकाराने मृत्यू ही मिळून असलेली मुख्य निष्पत्ती सघन गटात 243 आणि प्रमाणित गटात 319 जणांत घडली. हॅझर्ड रेशो 0.75 आला. कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू 155 विरुद्ध 210 होते. एवढे आकडे हाताशी असले की पुढचे सगळे तपासता येते.

या चाचणीच्या अप्रेझलमध्ये काही वाक्ये हमखास भेटतात. तुमच्या विद्यार्थिनीच्या वहीतही ती असतील असे धरून चालतो.

पहिले वाक्य असे: ‘चाचणी ओपन-लेबल असल्यामुळे बायसचा धोका जास्त आहे.’ माझ्या लेखी याला जेमतेम अर्धा गुण मिळतो. रुग्णाला आणि डॉक्टरला गट ठाऊक होता हे खरे, आणि ठरावीक रक्तदाब गाठेपर्यंत औषधे कमीजास्त करायची असतील तर ते ठाऊक नसणे व्यवहारात शक्यही नव्हते. पण निष्पत्तींची शहानिशा करणाऱ्या समितीला गट ठाऊक नव्हता, हे निबंधात दिलेले आहे आणि विद्यार्थिनीने ते नोंदवायला हवे. त्यापुढची पायरी म्हणजे निष्पत्ती वेगळ्या करून पाहणे. माणूस जिवंत आहे की नाही, यावर कोणाच्या मताचा परिणाम होत नाही, त्यामुळे एकूण मृत्यूंच्या निकालाला हा आक्षेप फारसा लागत नाही. हार्ट फेल्युअरच्या निदानाला तो लागतो, आणि तिथेच या चाचणीतील सर्वांत खोल मुद्दा दडलेला आहे.

हार्ट फेल्युअर सघन गटात 62 आणि प्रमाणित गटात 100 जणांना झाले. फरक 38 चा. मुख्य निष्पत्तीतील एकूण फरक 76 चा आहे. एकाच व्यक्तीला दोन घटना होऊ शकतात, त्यामुळे सरळ वजाबाकी काटेकोर ठरत नाही. तरीही फायद्याचा मोठा वाटा या एका घटकातून येतो, हे डोळ्यांसमोर आहे. हार्ट अटॅक 97 विरुद्ध 116 आणि पक्षाघात 62 विरुद्ध 70 होते. दोन्हींचे कॉन्फिडन्स इंटरव्हल 1 ओलांडतात. आता औषधांकडे पाहा. सघन गटात सरासरी 2.8 औषधे होती, प्रमाणित गटात 1.8, आणि डाययुरेटिक घेणाऱ्यांचे प्रमाण सघन गटात बरेच जास्त होते. डाययुरेटिक पायांवरची सूज आणि धाप कमी करते, म्हणजे ज्या लक्षणांवरून हार्ट फेल्युअर ओळखले जाते तीच लक्षणे ते दाबते. शिवाय प्रोटोकॉलनुसार प्रमाणित गटात एखाद्या भेटीत सिस्टोलिक 130 च्या खाली गेले, किंवा लागोपाठ दोन भेटींत 135 च्या खाली राहिले, तर औषध कमी करायचे होते. म्हणजे तुलना ‘जास्त उपचार विरुद्ध नेहमीचा उपचार’ एवढीच नव्हती. काही रुग्णांच्या बाबतीत ती ‘जास्त उपचार विरुद्ध सैल केलेला उपचार’ अशी होती. या दोन्ही गोष्टी हार्ट फेल्युअरचा फरक वाढवण्याच्या दिशेने काम करतात.

हे मांडणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यावेत, मग त्याचा निष्कर्ष ‘तरीही फायदा खरा आहे’ असा असो किंवा ‘फायदा मला संशयास्पद वाटतो’ असा असो. ‘तरीही’च्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद उपलब्ध आहे: हृदयविकाराने झालेले मृत्यू 37 विरुद्ध 65 होते, आणि केवळ लक्षणे दाबल्याने मृत्यू कमी होत नाहीत. विद्यार्थिनीने दोन्ही बाजू मांडून कौल दिला असेल, तर ती वाचताना विचार करत होती असे समजायला हरकत नाही.

ओपन-लेबलचा आणखी एक परिणाम सहसा कोणी लिहीत नाही. सघन गटातील रुग्णांना लक्ष्य गाठेपर्यंत जास्त भेटींना यावे लागे. जास्त भेटी म्हणजे जास्त तपासण्या आणि तक्रार कानावर पडण्याची जास्त संधी. त्यामुळे दुष्परिणाम सघन गटात काहीसे जास्त नोंदले जाण्याची शक्यता आहे. म्हणजे ब्लाइंडिंगच्या एकाच अभावाने फायद्याचा एक आकडा फुगू शकतो आणि हानीचाही एक आकडा फुगू शकतो. ‘बायसचा धोका जास्त’ या तीन शब्दांत हे बसत नाही, म्हणून त्या वाक्याला अर्धाच गुण.

दुसरे वाक्य: ‘चाचणी वेळेआधी थांबवली, त्यामुळे परिणाम अतिरंजित आहे.’ स्प्रिंटमधील उपचार-टप्पा मध्यक 3.26 वर्षांच्या पाठपुराव्यानंतर थांबवण्यात आला, हे बरोबर आहे. लवकर थांबवलेल्या चाचण्या फायदा वाढवून दाखवतात, हेही सर्वसाधारणपणे बरोबर आहे. पण विद्यार्थ्याने येथे दोन गोष्टी तपासायला हव्या होत्या. थांबवण्याचा नियम आधी ठरलेला होता का? होता, ठरवलेली सांख्यिकीय मर्यादा लागोपाठ दोन टप्प्यांवर ओलांडली गेली, तेव्हा निर्णय झाला. आणि थांबवताना एकूण घटना किती घडल्या होत्या? 243 आणि 319 मिळून 562. लवकर थांबवलेल्या चाचण्यांवर 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतशीर आढाव्यात सर्वांत मोठा अतिरेक 500 पेक्षा कमी घटना असलेल्या चाचण्यांत आढळला होता. म्हणजे आक्षेप रास्त आहे, पण येथे त्याचे वजन मध्यम आहे. 0.75 ऐवजी खरा आकडा 0.8 च्या आसपास असू शकेल, असे एखादीने लिहिले तर मी ते आनंदाने मान्य करीन. आकडा तिचा अंदाज असला, तरी दिशा आणि प्रमाण दोन्ही तिने सांगितले आहेत. लवकर थांबवण्याची दुसरी किंमतही आहे: मूत्रपिंडावर होणारे परिणाम दिसायला बहुतेकदा तीन वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि तेवढा काळ दोन्ही गट वेगवेगळ्या लक्ष्यांवर ठेवलेच गेले नाहीत. हा मुद्दा आलेला असेल तर वेगळा गुण द्यावा.

एक वाक्य वाटेतच निकालात काढू: ‘दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते, कारण पी-मूल्य 0.05 पेक्षा जास्त आहे.’ विभागणी यादृच्छिक झाली असेल तर सुरुवातीचा फरक व्याख्येनेच योगायोगाचा असतो. त्यावर सांख्यिकीय चाचणी लावण्यात अर्थ नसतो. विद्यार्थ्याने विभागणीचा क्रम आधी कोणाला कळू शकत होता का, हे पाहावे. हा गुण कापण्याइतका मोठा अपराध नाही, समासातील एक ओळ पुरे.

आता सर्वांत घातक वाक्य: ‘गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत सारखेच आहेत, त्यामुळे उपचार सुरक्षित आहे.’ येथे मात्र मी गुण कापतो, आणि सढळ हाताने कापतो. एकूण गंभीर घटना 38.3 टक्के विरुद्ध 37.1 टक्के होत्या, हे निबंधात आहे. पण या एकूण आकड्यात कर्करोगापासून अपघातापर्यंत सगळे येते, आणि उपचाराशी संबंध नसलेल्या या गर्दीत खरा फरक बुडून जातो. त्याच तक्त्यात खाली उतरले की हायपोटेन्शन 2.4 विरुद्ध 1.4 टक्के, सिंकोप 2.3 विरुद्ध 1.7 टक्के आणि ॲक्यूट किडनी इंज्युरी 4.1 विरुद्ध 2.5 टक्के दिसते. पडून झालेल्या इजा मात्र वाढलेल्या नव्हत्या, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवे.

येथे विद्यार्थिनीकडून हिशोब करून घ्यावा, कारण हिशोबातच कळते. मुख्य निष्पत्ती प्रमाणित गटात 6.8 टक्के, सघन गटात 5.2 टक्के, फरक 1.6 टक्के. म्हणजे सव्वातीन वर्षे सुमारे 60 जणांना सघन उपचार दिले तर एकाची घटना टळते. किडनी इंज्युरीचा फरकही 4.1 वजा 2.5, म्हणजे 1.6 टक्केच आहे. तेव्हा साधारण तितक्याच जणांमागे एकाला ती जास्त होते. दोन्ही घटनांचे वजन सारखे नाही. किडनी इंज्युरी बहुतेकांत भरून येते, मृत्यू भरून येत नाही. पण हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ते वजन करताच येत नाही. या हिशोबात एक नेहमीची गफलत होते: निबंधाच्या सारांशात दर वर्षाचे प्रमाण, म्हणजे 1.65 आणि 2.19 टक्के दिलेले आहे. त्यांच्यातील 0.54 हा फरक घेऊन काही विद्यार्थी ‘185 जणांना उपचार द्यावे लागतात’ असे लिहितात आणि कालावधी लिहीत नाहीत. 185 हा आकडा एका वर्षासाठी चुकीचा नाही. काळाशिवाय लिहिला की निरर्थक होतो.

‘25 टक्के धोका कमी झाला’ एवढेच लिहून थांबलेल्या अप्रेझलला निकालाच्या भागात निम्म्याहून अधिक गुण देऊ नयेत. सापेक्ष आकडा सारांशातून उतरवता येतो. निरपेक्ष फरक काढायला तक्ता उघडावा लागतो.

ॲप्लिकेबिलिटीकडे येताना विद्यार्थ्यांचा हात सैल होतो. ‘चाचणी अमेरिकेत झाली, त्यामुळे इतर लोकसंख्येला लागू होत नाही’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक वहीत दिसते. देश वेगळा असणे हे कारण नव्हे. कारण द्यायचे असेल तर सांगावे लागते की कोणती गोष्ट वेगळी आहे आणि ती परिणामावर कशी चालते: मूळ धोका कमी आहे का, पक्षाघाताचे प्रमाण हृदयविकारापेक्षा जास्त आहे का, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वेळच्या वेळी तपासण्याची सोय नाही का. त्याशिवाय ते वाक्य कोणत्याही चाचणीच्या खाली चिकटवता येते, आणि बहुधा तसेच चिकटवलेले असते.

स्प्रिंटमध्ये ॲप्लिकेबिलिटीचा खरा कस रक्तदाब मोजण्याच्या पद्धतीवर लागतो. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने तीन वाचने घेऊन त्यांची सरासरी धरली जात असे. अनेक केंद्रांत त्या वेळी खोलीत कर्मचारी नसत. नंतर केंद्रांकडून माहिती घेतली गेली तेव्हा ही प्रथा सर्वत्र एकसारखी नव्हती असे दिसले, आणि कर्मचारी असलेल्या व नसलेल्या केंद्रांतील फायदा साधारण सारखाच होता. म्हणून ‘खोलीत कोणी नव्हते’ यावर सगळा भर देणारे उत्तर थोडे मागचे आहे. विश्रांती आणि सरासरी या दोन गोष्टी मात्र टिकतात. रोजच्या ओपीडीत रुग्ण जिने चढून येतो, बसतो न बसतो तोच कफ बांधला जातो आणि एकच वाचन लिहिले जाते. असे वाचन चाचणीतील वाचनापेक्षा सहसा वर असते, आणि किती वर हे व्यक्तीगणिक इतके बदलते की एक ठरावीक आकडा वजा करून भागत नाही.

याचा परिणाम काय, ते विद्यार्थिनीने लिहिले आहे का पाहा. ओपीडीच्या घाईतल्या वाचनावर 120 चे लक्ष्य ठेवले, तर रुग्णाचा चाचणीच्या पद्धतीने मोजलेला दाब 120 च्याही बराच खाली जाईल, म्हणजे ज्या पातळीचा अभ्यासच झाला नाही तिथे. चक्कर, सिंकोप आणि किडनी इंज्युरी चाचणीतील प्रमाणापेक्षा जास्त होतील. ‘मोजण्याची पद्धत वेगळी होती’ ही नोंद झाली. ‘म्हणून हा आकडा आपल्या यंत्रावर जसाच्या तसा वापरला तर अतिउपचार होईल’ हे अप्रेझल झाले.

दुसरा कस वगळलेल्या रुग्णांवर लागतो. तिला एक रुग्ण द्या: वय 72, दोन वर्षांपूर्वी पक्षाघात होऊन गेलेला, मधुमेह नाही, सध्या सिस्टोलिक 142. ‘स्प्रिंटमध्ये पक्षाघाताचे रुग्ण वगळले होते, म्हणून लागू नाही’ असे उत्तर आले तर अर्धे गुण. वगळण्यामागचे कारण विचारा. मधुमेहाचे रुग्ण वगळले, कारण त्यांच्यावर अकॉर्ड ही चाचणी झाली होती. पक्षाघाताचे वगळले, कारण एसपीएस-3 ही वेगळी चाचणी त्यांच्यावर चालू होती. म्हणजे येथे धोक्याच्या भीतीने कोणाला बाहेर ठेवलेले नाही, पुरावा दुसरीकडे शोधायचा आहे एवढेच. याउलट उभे राहिल्यावर सिस्टोलिक 110 च्या खाली जाणारे रुग्णही वगळले होते, आणि ते मात्र सुरक्षिततेसाठी. याच 72 वर्षांच्या रुग्णाचे उभ्याने वाचन 104 आले, तर स्प्रिंटचा निकाल त्याच्यापुढे आणूच नये. वगळण्याच्या दोन निकषांचे वजन असे वेगवेगळे असते, हे ज्या विद्यार्थ्याला दिसते त्याला या भागात पूर्ण गुण.

अकॉर्डचा उल्लेख तिने केला असेल तर एक गोष्ट तपासा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत 4733 मधुमेही होते, मुख्य निष्पत्तीचा हॅझर्ड रेशो 0.88 आणि इंटरव्हल 0.73 ते 1.06 होता. ‘अकॉर्डमध्ये फायदा झाला नाही, स्प्रिंटमध्ये झाला, म्हणून निकाल परस्परविरोधी आहेत’ असे लिहिणे घाईचे आहे, कारण स्प्रिंटचा 0.75 त्या इंटरव्हलच्या आतच बसतो. शिवाय अकॉर्डच्या मुख्य निष्पत्तीत हार्ट फेल्युअर नव्हते, आणि वर पाहिल्याप्रमाणे स्प्रिंटचा बराचसा फायदा तिथेच होता.

गुणांची विभागणी मी अशी करतो: 20 पैकी 8 बायससाठी, 5 निकालाच्या वाचनासाठी, 7 ॲप्लिकेबिलिटीसाठी. चेकलिस्ट पूर्ण भरल्याचे वेगळे गुण ठेवत नाही. दोषांची संख्या मोजत नाही. बारा दोष एका ओळीत सांगणाऱ्यापेक्षा तीन दोष तडीस नेणारा वर येतो, आणि हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ते भीतीपोटी यादी लांबवतात. शेवटचा कौल माझ्या मतापेक्षा वेगळा असेल तर त्यासाठी गुण कापत नाही. मात्र कौलच नसेल, ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ या वाक्यावर लेखन संपले असेल, तर दोन गुण जातात. समोर बसलेल्या रुग्णाला आज गोळी वाढवायची की नाही, हे डॉक्टरला ठरवावेच लागते.

लेखन उत्तम असूनही ते तिचे आहे की एखाद्या संपादकीयातून घेतलेले, अशी शंका आली तर तोंडी दोन प्रश्न पुरतात. निबंध समोर ठेवा आणि हार्ट फेल्युअरचा आकडा कोणत्या तक्त्यात आहे तो दाखवायला सांगा. मग विचारा: ‘समज, प्रमाणित गटातही डाययुरेटिक तितकेच वापरले असते, तर हा हॅझर्ड रेशो 1 च्या जवळ सरकला असता की दूर गेला असता?’ ज्याने स्वतः विचार केला आहे तो थोडा थांबून ‘जवळ’ म्हणतो आणि कारण सांगतो. उतरवलेले असेल तर पुन्हा ब्लाइंडिंगचीच व्याख्या ऐकायला मिळते. अशा वेळी बायसचे गुण या तोंडी उत्तरावरून द्यावेत, वहीवरून देऊ नयेत.